ड्यू लिस्टमध्ये नसलेली तारीख

सोमवारी सकाळी विमा कंपनीकडून येणारी ड्यू लिस्ट ही आमच्यासारख्या छोट्या एजन्सीची आठवड्यातली पहिली फाइल असते. एका ओळीत एक पॉलिसी: पॉलिसी नंबर, विमाधारकाचे नाव, गाडी असेल तर तिचा नंबर, पॉलिसीचा प्रकार, गेल्या वर्षीचा हप्ता, एनसीबीचा टक्का, मोबाइल नंबर आणि मुदत संपण्याची तारीख. साधारण पुढच्या तीस दिवसांत संपणाऱ्या पॉलिसी तीत येतात आणि जिची तारीख आधी ती ओळ वर असते. प्रिंट काढायची, वरून खाली फोन लावत जायचे, रिन्यू झालेल्या ओळीवर टिक करायची. दोन-तीन माणसांच्या बहुतेक ऑफिसांत असेच चालते. या कामाकडे रोज बघून माझे मत असे झाले आहे की यादीतला सर्वांत ठळक रकाना, मुदत संपण्याच्या तारखेचा, कामाचा क्रम लावायला सर्वांत कमी उपयोगाचा आहे. कंपनीची जबाबदारी कधी संपते एवढेच ती तारीख सांगते. एजंटाला हवी असते ती दुसरी तारीख: ग्राहकासाठी काही करता येईल असा शेवटचा दिवस. ती प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीला वेगळी पडते. कधी ती मुदतीच्या दीड महिना आधी असते, कधी तीन महिने नंतर, आणि यादीत ती कुठेच छापलेली नसते.

आरोग्य विम्यापासून सुरुवात करू, कारण तिथे हा फरक सर्वांत जास्त महाग पडतो. समजा, एका कुटुंबाची पॉलिसी 20 नोव्हेंबरला संपते आहे. त्यांचे नेहमीचे हॉस्पिटल कंपनीच्या कॅशलेस यादीतून बाहेर पडले आहे आणि त्यांना पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची आहे. पोर्ट केली की जुन्या कंपनीत काढलेली वर्षे वाया जात नाहीत. मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांसाठी जो वेटिंग पिरियड असतो, त्यातला भरून झालेला काळ जुन्या विमा रकमेपुरता नव्या कंपनीत धरला जातो. पण बहुतेक पॉलिसींच्या अटींत लिहिलेले असते की पोर्टिंगचा अर्ज रिन्यूअलच्या किमान 45 दिवस आधी करावा, आणि 60 दिवसांपेक्षा आधी करू नये. 20 नोव्हेंबरपासून मागे मोजले तर ही खिडकी 21 सप्टेंबरला उघडते आणि 6 ऑक्टोबरला बंद होते. पुढच्या तीस दिवसांची ड्यू लिस्ट या कुटुंबाचे नाव पहिल्यांदा दाखवणार 20 ऑक्टोबरनंतर. म्हणजे ओळ यादीत येते तेव्हा तिच्यातले सर्वांत महत्त्वाचे काम होण्याची मुदत दोन आठवड्यांपूर्वीच टळलेली असते. मग एजंट ग्राहकाला फोन करतो, ग्राहक म्हणतो, 'यंदा कंपनी बदलू या की,' आणि एजंटाला सांगावे लागते की आता पुढच्या वर्षी बघू. यादी चुकलेली नसते, एजंटही आळशी नसतो, तरी ग्राहकाचे एक वर्ष जाते. यावर उपाय सोपा आहे. आरोग्य विम्याच्या ओळी मुदतीच्या 65 दिवस आधी डोळ्यांसमोर याव्यात अशी आपली वेगळी यादी ठेवायची आणि तो पहिला फोन हप्त्यासाठी न करता एवढेच विचारायला करायचा की वर्षभरात काही अडचण आली का, कोणाचे ऑपरेशन झाले का, घरात नवे कोणी आले का.

याच ओळीतला 'गेल्या वर्षीचा हप्ता' हा रकानाही जपून वाचावा लागतो. ग्राहक पहिला प्रश्न 'किती भरायचे?' हाच विचारतो, आणि हातात यादी असल्यामुळे तोंडातून तो आकडा सहज निघून जातो. पण आरोग्य विम्यात वयाचा गट बदलला की हप्ता चढतो. आणि 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, त्यामुळे त्याआधीच्या कराच्या रकमेसह छापलेला आकडा उलट्या बाजूनेही चुकतो. एकदा सांगितलेला आकडा ग्राहकाच्या डोक्यात पक्का बसतो, मग खरा आकडा कितीही रास्त असला तरी तो वाढवून सांगितल्यासारखा वाटतो. म्हणून रिन्यूअल नोटीस हातात येईपर्यंत रक्कम बोलू नये.

गाडीच्या विम्यात गोष्ट वेगळ्या रीतीने फसवी होते. तिथे तारखाच दोन असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 सप्टेंबर 2018पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा भाग, ज्याला आम्ही ओडी म्हणतो, तो मात्र साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. म्हणजे शोरूममधून निघालेल्या एकाच पॉलिसीवर एक मुदत वर्षाने संपते आणि दुसरी तीन किंवा पाच वर्षांनी. काही याद्यांत यातली एकच तारीख येते. जिथे फक्त थर्ड पार्टीची तारीख आली, तिथे ओडी संपलेली गाडी मधली दोन वर्षे यादीत दिसतच नाही. ग्राहकही निर्धास्त असतो, कारण रस्त्यात पोलिसांनी कागद तपासला तर थर्ड पार्टी चालू असते आणि दंड होत नाही. 'इन्शुरन्स आहे' असे तो म्हणतो ते खोटे नसते. खरे काय ते भिंतीला घासून दरवाजा चेपला की कळते.

दुचाकीचे तर याहून पुढचे आहे. पाच वर्षे ग्राहकाने विम्यासाठी एक रुपयाही भरलेला नसतो, एजंटाने फोन केलेला नसतो आणि पाच वर्षांनी अचानक ती ओळ यादीत येते. शेजारचा मोबाइल नंबर शोरूममध्ये घाईत घातलेला, बहुतेक वेळा बंद पडलेला किंवा भलत्याच माणसाकडे गेलेला. गाडी विकलेली असते, नाव बदललेले नसते. अशा ओळीवर 'नॉट रिचेबल' लिहून पुढे जाणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत घातक. या ओळीतली मुदत संपली की मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 146 प्रमाणे ती गाडी रस्त्यावर आणणेच बेकायदा ठरते. पहिल्यांदा पकडले तर 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. दंड ही त्यातली लहान बाब. त्या दुचाकीने कोणाला धडक दिली तर लवाद जी भरपाई ठरवेल ती मालकाला स्वतःच्या घरादारातून द्यावी लागते. आणि हे टाळण्याची किंमत किती? जून 2022मध्ये ठरलेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता करापूर्वी 714 रुपये आहे. त्यामुळे माझ्या हिशेबात ही ओळ यादीच्या सर्वांत वर जाते, तारीख महिनाभर लांब असली तरी. कमिशन नगण्य आहे म्हणून ती खाली ढकलली जाते हे खरे, पण इथे फोन न लागणे हेच मुख्य काम आहे. पत्ता शोधायला, गावातल्या ओळखीच्या माणसाकडून निरोप द्यायला चार आठवडे लागतात.

गाडीच्या मुदतीबाबत ग्राहक आणि यादी यांची कॅलेंडरेही वेगळी असतात. आपल्याकडे गाडी घेतली जाते ती दसऱ्याला, पाडव्याला, धनत्रयोदशीला. ग्राहकाच्या लक्षात 'दसऱ्याची गाडी' एवढेच राहते, पॉलिसी मात्र इंग्रजी तारखेने चालते. 2022चा दसरा 5 ऑक्टोबरला होता. त्या दिवशी घेतलेल्या कारच्या ओडीची मुदत 4 ऑक्टोबर 2023च्या मध्यरात्री संपली. पण 2023 साली श्रावण अधिक महिना आला आणि दसरा गेला 24 ऑक्टोबरवर. 'दसऱ्याला गाडीची पूजा झाली की भरू' असे ठरवून बसलेल्या माणसाची गाडी तोवर वीस दिवस ओडी विम्याविना उभी होती. गाडीच्या विम्यात सवलतीचे दिवस नसतात. मुदत संपली त्या मिनिटापासून संरक्षण संपते. त्यानंतर भरायला गेले की ती ब्रेक-इन केस होते आणि ओडी देण्यापूर्वी कंपनी गाडीची तपासणी मागते. सणाच्या दिवसांत तपासणीला वेळ मिळत नाही, किंवा मोबाइलवर काढलेले फोटो चेसिस नंबर नीट दिसत नाही म्हणून परत येतात. अधिक महिन्याच्या वर्षी दसरा-पाडव्याच्या ओळींवर वेगळी खूण करून ठेवावी आणि ग्राहकाला तिथी न सांगता तारीख आणि वार सांगावा. 'दसऱ्याच्या आधी' असे म्हटले तर तो आदल्या दिवशी येतो.

आता मुदत टळून गेल्यानंतरचे बघू. माझ्या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा तिथेच आहे. यादी 'येणाऱ्या' रिन्यूअलची असल्यामुळे तारीख उलटली की ती ओळ पुढच्या सोमवारी नाहीशी होते. रिन्यू झाली म्हणून गेली आणि राहून गेली म्हणून गेली, यात यादी फरक करत नाही. पण राहून गेलेल्या पॉलिसीत अजून पुष्कळ काही वाचवता येण्यासारखे असते. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्यात मुदतीनंतर 30 दिवसांत हप्ता भरला तर वेटिंग पिरियडची जमा झालेली वर्षे टिकतात; मधल्या दिवसांत कोणी दवाखान्यात दाखल झाले तर मात्र तो खर्च मिळत नाही. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाला 20 डिसेंबरपर्यंत संधी आहे. ती गेली की मधुमेहाचा वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्या दिवसापासून. गाडीच्या विम्यात एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, मुदतीनंतर 90 दिवस जिवंत राहते. 14 सप्टेंबरला संपलेल्या पॉलिसीची एनसीबी 13 डिसेंबरपर्यंत वाचते.

या 90 दिवसांची किंमत एकदा मांडून बघावी. समजा, कारचा सूट देण्यापूर्वीचा ओडी हप्ता 8,000 रुपये आहे आणि सलग पाच वर्षे क्लेम नसल्यामुळे एनसीबी 50 टक्के झाली आहे. ग्राहक 4,000 रुपये भरतो. नव्वद दिवस उलटले की सूट शून्यावर येते आणि यंदा पूर्ण 8,000 भरावे लागतात. नुकसान इथे थांबत नाही. पुढे क्लेम न करता सूट पुन्हा 20, 25, 35, 45 आणि मग 50 अशा पायऱ्यांनी चढते. म्हणजे पहिल्या वर्षी 50 टक्के गेले, दुसऱ्या वर्षी 30, मग 25, 15 आणि 5. बेरीज 125 टक्के. हप्ता तेवढाच धरला तर 10,000 रुपये. गाडी जुनी होईल तसा ओडी हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष रक्कम थोडी कमी भरेल. तरी एका न केलेल्या फोनला हा आकडा मोठा आहे. आणि तो फोन करायची आठवण देणारी ओळ यादीतून केव्हाच गेलेली असते. म्हणून कंपनीची यादी ही आपली वही समजू नये. ओळ आपल्या वहीतून फक्त कारण लिहूनच काढावी: रिन्यू झाली, दुसरीकडे गेली, गाडी विकली, विमाधारक वारले, किंवा 90 दिवस संपले.

त्यासाठी लागणारे काम म्हणजे दर सोमवारी दोन याद्या शेजारी ठेवणे, मागची आणि आजची. मागच्या यादीत होती, आज नाही आणि तारीखही अजून आलेली नाही, अशी ओळ दिसली की समजावे की ग्राहकाने परस्पर ऑनलाइन भरले, पॉलिसी रद्द झाली किंवा कंपनीच्या नोंदीत एजंटाचा कोड बदलला. यातले काहीही असले तरी ते त्याच आठवड्यात कळायला हवे. शंभर-दीडशे ओळी डोळ्यांनी ताडून होत नाहीत, म्हणून बरेच जण मागच्या सोमवारच्या यादीशेजारी आजची यादी `Sheet2` मध्ये ठेवतात आणि एक्सेलमध्ये हे सूत्र लावतात:

```
=COUNTIF(Sheet2!A:A,A2)
```

इथे एक खड्डा आहे. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक नीट धरते, आणि `COUNTIF` मजकूर म्हणून ठेवलेल्या अंकांनाही संख्याच समजते. काही कंपन्यांचे पॉलिसी नंबर याहून लांब असतात आणि एकाच शाखेच्या एकाच वर्षाच्या नंबरांत सुरुवातीचे अंक सारखेच असतात. मग सूत्र एका पॉलिसीला दुसरी समजते आणि हरवलेली ओळ 'आहे' म्हणून दाखवते. उत्तर 1 ऐवजी 7 किंवा 12 असे येऊ लागले की हाच घोटाळा झाला असे ओळखावे. पॉलिसी नंबरचा रकाना फाइल उघडतानाच मजकूर म्हणून घ्यावा आणि सूत्र हे वापरावे. जिथे `#N/A` येईल ती ओळ आजच्या यादीत नाही:

```
=MATCH(A2,Sheet2!A:A,0)
```

तारखांचेही तसेच. कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकन असेल तर 05/11 ही 5 नोव्हेंबर न राहता 11 मे होते आणि नोव्हेंबर निवडल्यावर ती ओळ लपते; 14/11 मात्र तारीखच होत नाही, मजकूर म्हणून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटून राहते. तारखांच्या रकान्यात काही आकडे डावीकडे आणि काही उजवीकडे दिसले की आधी ते दुरुस्त करावे, मगच फोन उचलावा.

यावर आमच्याच व्यवसायातले लोक जे आक्षेप घेतात ते पोकळ नाहीत. पहिला असा की कंपनी ग्राहकाला एसएमएस पाठवतेच, अ‍ॅपवर सूचना येतात, मग एजंटाने हे सगळे का करायचे? एसएमएस जातो तो नोंदीतल्या नंबरवर. नंबर बंद असेल तर तोही पोचत नाही, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याच ओळींत नंबर बिघडलेले असतात. शिवाय एसएमएस 'भरा' एवढेच म्हणतो. पोर्टिंगची खिडकी, एनसीबीचे उरलेले दिवस, थर्ड पार्टी चालू असून ओडी संपल्याची गोष्ट तो समजावून सांगत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. दोन माणसांच्या ऑफिसात नवे काम मिळवायचे की जुन्या ओळी ताडत बसायचे? हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण याद्या ताडायला सोमवारचा एक तास लागतो, आणि त्या तासाने नंतरचे कितीतरी फोन वाचतात: आधीच रिन्यू झालेल्या ग्राहकाला पुन्हा फोन केला की तो चिडतो, आणि चिडलेला ग्राहक पुढच्या वर्षी यादीत राहत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस आहे. आरोग्य विम्याच्या ग्राहकाला 65 दिवस आधी फोन केला तर आपणच त्याला दुसरी कंपनी बघायला वेळ देतो. मुदतीच्या चार दिवस आधी केला तर तो मुकाट्याने भरतो. हे खरे आहे. असे धंद्यापुरते चालतेही. पण चार दिवसांत मुकाट्याने भरलेला ग्राहक दवाखान्यात अडला की त्याला पहिली आठवण एजंटाची होते, आणि तेव्हा 'आधी का नाही सांगितले?' या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते. ज्याला ऑक्टोबरच्या आधी विचारले आणि ज्याने विचार करून तीच कंपनी ठेवली, तो हप्ता वाढला तरी टिकतो. आणि जो दुसरीकडे जायचे म्हणतो, त्याचा पोर्टिंगचा अर्ज भरून देणारा एजंट आपण असू शकतो, अर्थात त्या कंपनीचे काम करण्याची आपल्याला परवानगी असेल तर. नसेल तर ग्राहक जाईल. तो जाऊ नये म्हणून त्याला उशिरा सांगणे मला पटत नाही.

चौथा मुद्दा आठवड्याचा. काहींना वाटते, यादी रोज यावी. रोजच्या यादीत कालच्या आणि आजच्या ओळींत इतका थोडा फरक असतो की दोन दिवसांनी कोणी ती उघडत नाही. आठवड्याची यादी बसून वाचली जाते, आणि सात दिवसांत झालेला बदल दिसण्याइतका मोठा असतो. एका बाबतीत मात्र आठवडा अपुरा पडतो. कलम 64-व्हीबीप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही, म्हणून 'उद्या भरतो' म्हणालेल्या ओळी त्या त्या दिवशी संध्याकाळी बघाव्याच लागतात. ग्राहकाने होकार दिला म्हणून टिक करू नये. पॉलिसीची पीडीएफ आली की करावी.

कंपन्यांनाही एक विनंती आहे. यादीत ओडी आणि थर्ड पार्टीची तारीख दोन वेगळ्या रकान्यांत द्या. आरोग्य विम्याच्या ओळी तीसऐवजी सत्तर दिवस आधी पाठवा. आणि मुदत संपूनही रिन्यू न झालेल्या गाड्यांच्या ओळी आणखी नव्वद दिवस यादीत राहू द्या. हे तिन्ही आकडे तुमच्याकडे आहेत.